वाख आणि वस्त्र

शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी येथे कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम होतो. या दोन नद्यांच्या काठची काळी, भारी जमीन आज मुख्यतः उसाची जमीन आहे. मृगाचा पाऊस झाला म्हणजे, पुढे ज्या रानांत ऊस लावावयाचा असतो, त्यांपैकी काही रानांत ताग पेरला जातो. काहीजण त्यास बोरू असेही म्हणतात. दीडदोन महिन्यांत हे पीक कमरेच्या वर जाते, त्यास पिवळी फुले येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी शेतकरी ते आडवे पाडून नांगराखाली गाडून टाकतो. ज्या झाडाच्या सालीतून बैलाचा कासरा, गाडीचा नाडा आणि मासे धरण्याची जाळी पिढ्यान्‌पिढ्या होत आली, ते झाड असे मातीत कुजविले जाते. आणि शेजारच्याच इचलकरंजीत, जेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, तेथील मागांवर मात्र बाहेरून आणलेले सूत चढते. हा दैवदुर्विलास आहे, की यात काही हिशेब आहे?

याच प्रश्नाची दुसरी बाजू शहरातील गृहिणीसमोर उभी राहते. कापडाच्या दुकानांत अलीकडे भांगेच्या वाखाचे सदरे, बांबूचे पंचे आणि मोजे, हिमालयातील खाजऱ्या झाडाच्या शाली अशा वस्तू मांडलेल्या असतात. त्या कापसाहून मऊ, लिननहून टिकाऊ आणि सर्वस्वी नैसर्गिक असल्याचे सांगितले जाते, आणि दामही तसाच मागितला जातो. यांपैकी कोणते म्हणणे खरे मानावे? शेतकऱ्याचा प्रश्न आणि गृहिणीचा प्रश्न वरवर निराळे दिसले, तरी दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते ठिकाण म्हणजे त्या त्या वनस्पतीतील एका सूक्ष्म तंतुपेशीची लांबी.

प्रथम नावांचा गुंता सोडविला पाहिजे. मराठीत ‘ताग’ हा शब्द फार सैल वापरला जातो. शिरोळच्या रानात असतो तो ताग, म्हणजे संस्कृतातील शण, हा शेंगा धरणारा, हरभऱ्याच्या कुळातील आहे. ज्याचे गोणपाट होते तो बंगालचा ताग, म्हणजे ज्यूट, अगदी वेगळ्या कुळातला. आणि इंग्रजीत ज्यास हेंप म्हणतात ते खरे पाहता भांगेचे झाड होय. इंग्रज व्यापाऱ्यांनी शणालाही ‘सन हेंप’ असे नाव दिल्यामुळे हा घोटाळा अधिकच वाढला. भांगेच्या लागवडीवर १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण आहे. वाख किंवा बी यांसाठी ती लावू देण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारकडे ठेवला आहे, आणि त्याचा उपयोग करून उत्तराखंडाने २०१८ साली वाट मोकळी केली. तेव्हा शिरोळच्या रानातील ताग हा भांगेचा कोणी नातलग नव्हे, हे ध्यानात असू द्यावे. त्याचप्रमाणे हिमालयातील ज्या खाजऱ्या झाडापासून वस्त्र होते, ते म्हणजे कोकणातील खाजकुइरी नव्हे. खाजकुइरी हा शेंगांचा वेल आहे. हिमालयातील झाडास नेपाळात ‘अल्लो’ म्हणतात. तेच नाव येथे सोयीसाठी घेतलेले बरे.

आता कापसाकडे वळावे, कारण आपल्याकडील वस्त्राचे माप कापसानेच ठरलेले आहे. कापसाचा तंतू हा बियावर उगवलेला केस आहे. एक तंतू म्हणजे एकच पेशी. साधारण चांगल्या कापसात तिची लांबी पंचवीस ते तीस मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच ते सव्वा इंच असते. बोंड फुटण्यापूर्वी ही पेशी पाण्याने भरलेल्या नळीसारखी असते; फुटल्यावर ती सुकते, चपटी होते आणि फितीला पीळ पडावा तशी ठिकठिकाणी मुरडते. या मुरडींमुळेच तंतू एकमेकांस धरून राहतात आणि सूत सहज निघते. शिवाय ही पेशी बोंडात सुटीच वाढलेली असते. सरकी काढली आणि रुई पिंजली, की ती चरख्याला तयार. तिला कोणी खडखडीत लाकडात चिकटवून ठेवलेले नसते, म्हणून तिला सोडविण्याचे कष्टही पडत नाहीत. कापसाचा मऊपणा आणि त्याचे स्वस्तपण या दोहोंचे मूळ या एका गोष्टीत आहे.

साल असलेल्या झाडांची गोष्ट अगदी उलट. जवस, ताग, भांग, अल्लो यांच्या काठीत आत लाकडी गाभा असतो, वर पातळ साल असते, आणि या दोहोंमध्ये तंतुपेशींच्या जुड्या उभ्या मांडलेल्या असतात. जुडीतील पेशी एकमेकींना एका डिंकासारख्या द्रव्याने चिकटलेल्या असतात, आणि संपूर्ण जुडी त्याच द्रव्याने गाभ्याला आणि सालीला जोडलेली असते. हा डिंक विरघळविल्यावाचून वाख सुटत नाही. यासच कुजविणे म्हणतात. वस्तुतः कुजावयाचा असतो तो केवळ डिंक, तंतू नव्हे. सगळे कसब या भेदात आहे.

लिनन म्हणजे जवसाच्याच झाडाचा वाख. महाराष्ट्रात जवस लावतात ते तेलासाठी. ते झाड बुटके आणि फांद्यांचे असल्यामुळे त्याचा वाख आखूड आणि थोडा निघतो. युरोपात फ्रान्स व बेल्जम येथे याच झाडाच्या उंच, सरळ जाती दाट पेरतात. पीक कापीत नाहीत, मुळासकट उपटतात. मग ते शेतातच पसरून दवाने कुजू देतात, वाळवितात, चरकातून काढून गाभ्याचे तुकडे करतात, झोडून ते पाडतात आणि शेवटी दातेरी फण्यांतून वाख विंचरतात. जवसाची एकेक पेशी सुमारे पंचवीस-तीस मिलिमीटर लांब असते, म्हणजे कापसाच्या बरोबरीची. परंतु ती कापसासारखी चपटी व मुरडलेली नसून भरीव, गुळगुळीत आणि सरळ असते. म्हणून लिननचा स्पर्श थंड, किंचित ताठ आणि चकचकीत लागतो. बळातही ते कापसाच्या वर आहे, आणि भिजल्यावर दोघांचेही बळ घटत नाही, उलट वाढते. मात्र कापसाचा तंतू तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या शंभर भागांत सहासात भाग ताणला जातो, लिननचा दोनतीनच. म्हणून लिननला चुणी पटकन पडते, आणि त्याच घडीवर वर्षानुवर्षे इस्त्री फिरत राहिल्यास कापड त्या रेघेवर फाटते.

येथे या विषयाची किल्ली हाती येते. सूत कातावयाचे तर तंतू एकमेकांवर पुरेशा लांबीने चढले पाहिजेत. तंतू फार आखूड असेल, तर कितीही पीळ दिला तरी तो निसटतो. कापसाच्या यंत्रांना वीस मिलिमीटरांहून बरेच कमी असे काही चालत नाही. आता एकेका पेशीची लांबी पाहावी. कापूस व जवस यांची वर सांगितलीच. भांगेची वीसपंचवीस मिलिमीटर. युरोपातील खाजऱ्या झाडाची चाळीसपन्नास, आणि त्याच कुळातील रॅमी या झाडाची तर याच्याही तिप्पट. पण शिरोळच्या तागाची पेशी सरासरी सातआठ मिलिमीटर, म्हणजे भाताच्या लांब दाण्याएवढी. आणि ज्यूट व बांबू यांची केवळ दोनतीन मिलिमीटर.

यावरून वनस्पतींचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात पेशी स्वतःच कातण्याजोगी लांब असते. तेथे डिंक जितका अधिक काढावा, तितके सूत तलम आणि मऊ होत जाते. दुसऱ्या वर्गात पेशी एकटी निरुपयोगी असते. तेथे जुडी हाच धागा, आणि डिंक हाच त्या जुडीचा सांधा असतो. तो पुरता काढला, तर हाती सूत येत नाही, लगदा येतो. म्हणजे जी क्रिया अल्लोला गुणकारी, तीच तागाला आणि बांबूला मारक. कोणत्या झाडाचे वस्त्र मऊ होईल, कोणाचा फक्त दोर होईल, आणि कोठे रसायनाच्या हौदाशिवाय गत्यंतर नाही, याचा निवाडा येथे होतो.

हा नियम शिरोळच्या तागावर लावून पाहावा. वाखासाठी ताग घ्यावयाचा तर तो दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता काठी सरळ वर जाते. हिरव्या खतासाठी तो सहा ते आठ आठवड्यांत गाडला जातो. वाखासाठी मात्र फुले झडून शेंगा धरू लागेपर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन महिने, त्यास रानात उभा ठेवावा लागतो. आधी कापला तर वाख तलम पण कमजोर व थोडा; बी पक्के होऊ दिले तर वाख भरड आणि खरखरीत होतो. कापल्यावर जुड्या एकदोन दिवस रानात ठेवल्या म्हणजे पाने गळतात. मग त्या पाण्यात घालावयाच्या. काठीचा बुडखा जाड आणि निबर असल्यामुळे तो शेंड्यापेक्षा सावकाश कुजतो; म्हणून जाणते लोक आरंभी जुड्या उभ्या करून केवळ बुडखे भिजवितात, आणि नंतर त्या आडव्या करून वर वजन ठेवून पूर्ण बुडवितात. वरचा थर उघडा राहिला, तर तेवढा भाग कच्चा राहतो.

पाण्यातील सूक्ष्म जंतू डिंकावर उपजीविका करतात. आश्विनातील कोमट पाण्यात चार ते सहा दिवस पुरतात. थंडी पडल्यावर याच कामास कितीतरी अधिक लागतात. तिसऱ्या दिवसापासून रोज परीक्षा करावी लागते. जुडीच्या मधली एक काठी काढून मध्यावर मोडावी आणि वाख ओढून पाहावा. तो गाभ्यास चिकटून तुकड्यांनी निघाला, तर कच्चे. संपूर्ण लांबीने मोकळा सुटला आणि आतली सणकाडी पांढरी, स्वच्छ निघाली, तर पुरे झाले. आणि वाख बोटांत चोळताच विस्कटून केसाळ झाला, तर मर्यादा ओलांडली. हे ओलांडणे एका रात्रीत घडते. कारण जुड्या बांधणारा डिंक संपला, म्हणजे जंतू जुडीच्या आतील डिंकाकडे वळतात. आणि तागाची पेशी आखूड असल्यामुळे आतला सांधा सुटताच दोराचे बळ जाते. जवसाला अशी चूक थोडीबहुत सोसते. तागाला सोसत नाही.

पुढचे काम हातांचे. आठदहा काठ्यांची मूठ घेऊन बुडखे ठोकतात, हातभर अंतरावर काठ्या मोडतात, वाख हाताभोवती घेऊन झटक्याने सणकाड्या काढून टाकतात. मग वाख पाण्यात आपटून, पिळून, दोरीवर उन्हात वाळवितात. हिरव्या काठ्यांच्या शंभर शेरांतून कोरडा वाख पडतो तो सुमारे तीन शेर. बाकी पाणी, चुलीला पेटवणाची सणकाडी आणि मळ.

आता शेतकऱ्याचा हिशेब उघड होतो. गाडलेला ताग श्रावण-भाद्रपदात जमिनीत कुजून, हवेतून घेतलेला नत्र उसाच्या स्वाधीन करतो, आणि पूर्वहंगामी उसाची लागण वेळेवर होते. वाखासाठी तोच ताग आणखी दीडदोन महिने उभा ठेवला, तर रान अडकते, खताचा मोठा भाग शेतातून निघून जातो, आणि नंतर पाण्यात कंबरेएवढे उभे राहून काम करणारी माणसे पाहिजेत. शिवाय पाण्याचीही अडचण आहे. कुजविण्यासाठी संथ पाणी उत्तम. परंतु कुजताना ते पाणी काळे पडते, त्याला दुर्गंधी येते आणि त्यातील प्राणवायू जंतू शोषून घेतात, त्यामुळे मासे मरतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडविलेले नदीचे पाणी संथ असले, तरी त्याच पाण्यावर गावांची तहान भागत असते. ते या कामास वापरणे योग्य नाही. स्वतंत्र खड्डा हवा, आणि त्यातील पाणी नदीत न सोडता शेतात जिरविले पाहिजे. इतके करून हाती काय येते? उत्तम दोर, जाळे, सुतळी, मजबूत कागद. अंगावर घालण्याचे वस्त्र येत नाही. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याच्या वस्त्रांत शाण आणि क्षौम यांचा उल्लेख आहे. क्षौम म्हणजे जवसाचे, शाण म्हणजे शणाचे. ही दोन्ही वस्त्रे जुनीच. पण त्यांपैकी जवसाचे राजवाड्यापर्यंत पोहोचले, आणि शणाचे व्रतस्थाच्या कमरेलाच राहिले, याचे कारण सातआठ मिलिमीटरांत आहे. तेव्हा ताग गाडणारा शेतकरी वस्त्राचे नुकसान करीत नाही. फार तर दोराचे करतो.

भांगेच्या वाखाचे स्थान या दोन टोकांच्या मध्ये, पण लिननच्या जवळ आहे. पेशी जवळजवळ कापसाएवढी लांब असते, बळ लिननएवढे. फरक इतकाच की, जुडीत काष्ठद्रव्य थोडे अधिक असते, त्यामुळे नुसता कुजवून विंचरलेला वाख लिननहून भरड लागतो. त्यास सौम्य क्षारात उकळून जुडी पेशीपर्यंत सोडविली, तर तो कापसात मिसळून कापसाच्याच यंत्रांवर कातता येतो. परंतु येथे एक देवघेव होते. लांब जुडीचा कणखरपणा जातो आणि मऊपणा येतो. म्हणून ‘भांगेचे कापड लिननहून बळकट’ आणि ‘भांगेचे कापड कापसाएवढे मऊ’ ही दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असली, तरी एकाच सदऱ्याविषयी एकाच वेळी ती सहसा खरी नसतात. भरड सदरा प्रथम अंगाला टोचतो, पण धुण्यागणिक त्यातील उरलेला डिंक निघून जाऊन तो मऊ होत जातो. कापडही कापसाहून अधिक दिवस टिकते.

अल्लोच्या बाबतीत निसर्गाने पेशी लांब दिली, पण डिंक चिवट दिला. नेपाळच्या पूर्व भागातील डोंगरांत राई लोक हे काम करीत आले आहेत. पावसाळा संपल्यावर रानातील उंच काठ्या कापतात. पाने आणि काटे घासून काढतात, आणि साल सोलून वाळवितात. झाडाला हात लागताच आग होते ती अंगावरच्या पोकळ, काचेसारख्या ठिसूळ केसांमुळे. ते मोडून त्यांतील रस कातडीत शिरतो. सुकल्यावर आणि उकळल्यावर त्याचा मागमूस राहत नाही. तेव्हा शाल अंगाला खाजेल ही भीती व्यर्थ. नुसत्या पाण्यात ही साल नीट सुटत नाही, म्हणून ती लाकडाच्या राखेबरोबर काही तास उकळतात. राखेतील क्षार डिंक विरघळवितो. महाराष्ट्रात परीट पूर्वी कपडे भट्टीस घालताना जे करीत, त्याच जातीची ही क्रिया आहे. मग साल लाकडी मोगरीने बडवून वाहत्या पाण्यात धुतात. तंतू पुन्हा एकमेकांस चिकटू नयेत म्हणून त्यांस पांढरी माती चोळतात, वाळवून झटकतात आणि हातचातीवर कातीत बसतात. येथे डिंक जितका निघेल तितके चांगले. कारण पेशी लांब आहे. चांगला निघाला तर सूत रेशमासारखे चमकते. राख कमी पडली किंवा उकळणे आटोपते घेतले, तर तेच सूत काथ्याकडे झुकते. बळ लिननच्या तोडीचे. मर्यादा आहे ती प्रमाणाची. झाड बहुतांशी रानात वाढलेले, साल हाताने सोलावयाची, सूत हाताने कातावयाचे. म्हणून खऱ्या अल्लोच्या शालीला स्वस्त भाव असूच शकत नाही, आणि स्वस्त मिळाली तर तीत कापूस किंवा दुसरे काही मिसळलेले आहे असे समजावे. पहिल्या महायुद्धात कापूस तुटला, तेव्हा जर्मनीने युरोपातील खाजऱ्या झाडाचे कापड करून सैनिकांच्या गणवेशासाठी वापरले. कापूस पुन्हा मिळू लागताच तो उद्योग मागे पडला. त्याचे कारण कापडाचा दोष नव्हता, सोडवण्याचे कष्ट होते.

राहता राहिला बांबू. याच्याविषयी गैरसमज सर्वांत मोठा आहे. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत बांबू पुष्कळ, आणि बुरूड त्याच्या पातळ कामट्या काढून सूप, टोपली, दुरडी विणतो. बुरुडाने बांबूचा स्वभाव बरोबर ओळखला आहे. दोनतीन मिलिमीटरांच्या पेशी काष्ठद्रव्याने घट्ट सांधलेल्या असतात. तो सांधा न तोडता लांब चिरफाळ्या काढल्या, तर बांबू पोलादासारखा वागतो. बांबू चेचून, जैविक द्रव्यांनी अर्धवट सोडवून त्याच्या जुड्यांचा वाख काढता येतो, आणि कोठे कोठे काढतातही. पण तो भरड, लिननच्या निकृष्ट प्रतीसारखा असतो. तो काही दुकानातला तो लोण्यासारखा मऊ बांबूचा पंचा नव्हे.

तो पंचा निराळ्याच मार्गाने येतो. बांबूच्या ढलप्या तीव्र क्षारात दाबाखाली शिजवून त्यांचा पांढरा लगदा करतात. तो सुमारे अठरा टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून, पिळून, कुस्करून काही काळ मुरवितात. मग त्यावर कार्बन डायसल्फाइड या विषारी द्रव्याची क्रिया करतात. लगदा नारिंगी होतो. तो पातळ कॉस्टिक सोड्यात घातला म्हणजे मधासारखा दाट द्रव बनतो. हा द्रव अतिसूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडला, की प्रत्येक छिद्रातून एक अखंड तंतू गोठून बाहेर येतो. इंग्लंडात क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी १८९२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. हाच व्हिस्कोस रेयॉन. हौदात जाणारा लगदा निलगिरीचा, देवदाराचा की बांबूचा, याचा तंतूवर पत्ता लागत नाही. कारण झाडातील मूळ पेशी तेथे शिल्लकच नसते. तंतू कारखान्यात नव्याने घडलेला असतो. अमेरिकेतील व्यापारविषयक सरकारी आयोगाने २००९ साली अशा काही विक्रेत्यांवर कारवाई केली, ती याच मुद्द्यावर. रेयॉनला नुसते बांबू म्हणू नये. आणि बांबूतील जंतुनाशक गुण त्या कापडात उतरतो हे म्हणणेही निराधार आहे.

या कापडास वाईट म्हणण्याचे कारण नाही. ते मऊ आहे, घाम टिपते, अंगावर सुरेख पडते. परंतु त्याचा एक स्वभाव गृहिणीस ठाऊक पाहिजे. भिजल्यावर व्हिस्कोसचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. कापूस आणि लिनन ओल्यात बळकट होतात. हे ओल्यात दुबळे होते. जो पंचा रोज भिजावयाचा, पिळावयाचा, दगडावर आपटावयाचा, त्यासाठी हा तंतू निवडणे म्हणजे नेमक्या दुबळ्या क्षणी त्यास कामास लावणे होय. असे कापड घेतले असेल, तर ते हलक्या हाताने धुवावे, पिळू नये, आणि दोरीवर टांगण्याऐवजी पसरून वाळवावे.

घरच्या घरी परीक्षा करावयाची तर जाळून पाहण्याचा उपाय येथे निरुपयोगी ठरतो. कापूस, लिनन, भांग, अल्लो, व्हिस्कोस ही सर्व कागदासारखी जळतात आणि जळक्या कागदाचाच वास देतात. उपयोगी पडते ते पाणी. कापडाच्या काठातून चारसहा धागे उसवावेत. काही कोरडे आणि काही पाण्यात पाच मिनिटे भिजवून, सारख्याच हाताने ओढून तोडावेत. ओला धागा कोरड्याहून सहज तुटला, तर विक्रेत्याने नाव काहीही सांगितलेले असो, तो व्हिस्कोस आहे. ओला अधिक नेटाने तुटला, तर तो कापसाचा किंवा वाखाचा. लिनन आणि भांग यांतील भेद ओळखण्यास जुन्या व्यापाऱ्यांची एक युक्ती आहे. धाग्याचा पीळ पूर्ण उलगडून त्यातील एकच बारीक तंतू घ्यावा, भिजवावा, आणि मोकळे टोक स्वतःकडे करून उबेवर धरावा. सुकताना जवसाचा तंतू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, भांगेचा उलट दिशेने; अल्लोच्या कुळातील तंतू जवसाप्रमाणे वागतात. कापसाचा तंतू कधी इकडे, कधी तिकडे वळतो. पेशीच्या भिंतीतील सूक्ष्म धागे ज्या बाजूस गुंडाळलेले असतात, ती बाजू अशी प्रगट होते.

असे पाहता पाच वस्त्रांचा निवाडा फार अवघड राहत नाही. रोजच्या धुण्यापिळण्याला आणि लहान मुलांच्या अंगाला कापूस. उन्हाळ्यात थंडाव्याला, चुणीची पर्वा नसेल तर, लिनन. बरेच दिवस टिकावे आणि हळूहळू मऊ व्हावे असे वाटत असेल तर भांगेचे. हातच्या श्रमाचे मोल देण्याची तयारी असेल तर अल्लोचे. आणि बांबूच्या नावाचे घ्यावयाचे असेल तर ते रेयॉन आहे हे जाणून, रेयॉनच्याच भावाने. शिरोळच्या तागाला या पंक्तीत पान नाही. त्याचे पान दोराच्या आणि खताच्या पंक्तीत आहे, आणि तेथे तो कोणाहूनही उणा नाही.